कॉट बेसिसची जाहिरात कशी लिहावी: कर्वेनगरातला एक फ्लॅट, पाच कॉट

"कॉलेजजवळ, मुलींसाठी, सर्व सोयींनी युक्त, भाडे वाजवी. संपर्क साधा." अशी जाहिरात टाकली की फोन भरपूर येतात आणि प्रत्येकीला तेच सांगावं लागतं: भाडं किती, लाईट बिल वेगळं का, डबा मिळतो का, रात्री किती वाजेपर्यंत चालतं. एवढं करून जागा भरते, पण खरी कटकट महिन्याभराने सुरू होते. 'सर्व सोयी' म्हणजे वॉशिंग मशीनही, असं मुलीच्या वडिलांनी धरलेलं असतं आणि मालकांनी ते कधी म्हटलेलंच नसतं. जाहिरातीत जे मोघम राहतं, त्यावरूनच पुढे वाद होतात. म्हणून आधी आकडे आणि नियम कागदावर पक्के करायचे आणि जाहिरात सगळ्यात शेवटी लिहायची.

उदाहरणाला कर्वेनगरातला, कमिन्स कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. इंजिनिअरिंगच्या मुलींचं कॉलेज असल्यामुळे आसपास कॉटची मागणी मुलींसाठीच जास्त. मोठ्या खोलीत तीन कॉट, लहान खोलीत दोन, बाथरूम दोन. मालक त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. पुढचे रुपयांचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या गल्लीतले तुम्ही घाला, पण पद्धत हीच ठेवा.

आधी ठरवा: पेइंग गेस्ट की कॉट बेसिस

बोलताना आपण सगळ्यालाच पीजी म्हणतो. कायद्यात मात्र फरक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः जिथे राहतात, त्याच जागेचा काही भाग ज्याला राहायला दिला आहे तो. आपल्या उदाहरणात मालक खालच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि वरचा फ्लॅट पूर्ण मुलींना दिलेला आहे. तेव्हा जाहिरातीत 'पीजी' लिहिलं तरी हा व्यवहार लिव्ह अँड लायसन्सचा, आणि त्याचा करार लेखी व नोंदणीकृतच हवा. त्याच कायद्याचं कलम 55 सांगतं की नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरून चालतात. ते खोटं पाडण्याचं ओझं मालकावर येतं.

याचा जाहिरातीशी संबंध असा, की 'मालक त्याच घरात राहतात', 'मालक त्याच इमारतीत राहतात' आणि 'मालक पुण्याबाहेर असतात' या तीन फार वेगळ्या जागा आहेत. आई-वडील हेच आधी विचारतात. मुलीही विचारतात, फक्त उलट कारणाने. यातलं जे खरं असेल ते पहिल्या दोन ओळींत लिहा.

पहिल्या वर्षाची मुलगी कधी कधी सतराच वर्षांची असते. अठरा पूर्ण नसतील तर तिच्या सहीच्या कराराला अर्थ नाही, करार पालकांशी करावा लागतो. म्हणून 'करारासाठी पालकांनी यावे' ही ओळ जाहिरातीतच असावी. नाहीतर नांदेडहून एकटीच आलेली मुलगी बॅगा घेऊन दारात उभी असते आणि करार अडतो. सोसायटीत भाडेकरूबद्दल काय कळवावं लागतं तेही आधी विचारून ठेवा. मालक स्वतः फ्लॅटमध्ये राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही.

भाडं काढताना बारा महिन्यांचा हिशेब करा

नवे लोक इथे नेहमी चुकतात. समजा हा फ्लॅट एखाद्या कुटुंबाला दिला असता तर महिना 26,000 मिळाले असते. आता त्यात मुलींसाठीचा खर्च मिळवायचा: लाईट 2,200, वाय-फाय 800, झाडू-फरशी आणि बाथरूम धुणाऱ्या बाई 2,500, पाण्याच्या फिल्टरची देखभाल 300, आणि गाद्या, नळ, कुलपं यांच्या झिजेपोटी 1,500. एकूण 33,300. त्याला पाचाने भागलं की कॉटमागे 6,660 येतात आणि माणूस 6,700 लिहून मोकळा होतो.

पण कॉट बारा महिने भरलेली नसते. परीक्षा झाली की मे महिन्यात मुली घरी जातात, शेवटच्या वर्षाच्या तर कायमच्या जातात. नवीन मुलगी येते ती प्रवेश झाल्यावर. पाच कॉटचे वर्षाला साठ 'कॉट-महिने' होतात, त्यातले पन्नासच पैसे देणारे धरा. वर्षाचा खर्च 33,300 गुणिले 12, म्हणजे 3,99,600. याला 50 ने भागलं की 7,992 येतात. म्हणजे 6,660 ने देणाऱ्याला वर्षाला 66,600 रुपयांचा खड्डा पडतो. रिकाम्या महिन्यांत लाईट थोडी वाचते, पण बाकी सगळं चालूच असतं.

सगळ्या कॉटना सरसकट 8,000 लावायची गरज नाही. दोघींच्या खोलीला 8,500 आणि तिघींच्या खोलीला 7,700 धरले तर महिन्याची बेरीज 40,100 होते, म्हणजे सरासरी तीच राहते. तिघींच्या खोलीत खिडकीजवळची कॉट आणि दाराजवळची कॉट यांत मात्र भाव वेगळा करू नका. एका खोलीत दोन भाव झाले की रोज त्यावर बोलणं होतं.

सुट्टीचं काय, हेही इथेच ठरतं. 'मे महिन्यात सामान ठेवून कॉट राखायची असल्यास निम्मं भाडं' ही पद्धत दोन्ही बाजूंना झेपते. पूर्ण भाडं मागितलंत तर मुली सामान उचलून नेतात आणि जूनमध्ये दुसरी जागा बघतात.

डिपॉझिट दोन महिन्यांचं घेतलं तर आकडा रुपयांत लिहा, आणि परत कधी मिळणार तेही लिहा. 'एक महिना आधी कळवल्यास जागा सोडल्यापासून 15 दिवसांत परत' एवढं वाक्य वाचून पालक निम्मे निश्चिंत होतात. रंगकामाचे पैसे कापणार असाल तर रक्कम आत्ताच सांगा. सोडताना अचानक 'पेंटिंग चार्जेस' निघाले की त्या मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर तुमच्या जागेचं नाव झालंच.

सोयी: विशेषणं नकोत, मोजून लिहा

'24 तास पाणी' हे सगळ्यात खोटं पडणारं वाक्य आहे. नळाला दिवसभर पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीमुळे. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळीच येतं आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो. तेव्हा 'टाकीचं पाणी दिवसभर, पिण्याचं पाणी फिल्टरचं' असं लिहा. टँकरचा खर्च मालकांचा की वाटून घ्यायचा, तेही सांगून टाका.

गरम पाण्याचं गणित तर स्वतः एकदा घड्याळ लावून बघावं. बाथरूममध्ये 15 लिटरचा, 2,000 वॉटचा गिझर असेल तर थंड पाणी पूर्ण तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यात थंड पाणी मिसळून साधारण दीड बादली होते, म्हणजे एका मुलीची अंघोळ. दुसरीला पुन्हा वीस मिनिटं थांबायचं. तिघींच्या बाथरूममध्ये सगळ्याजणींना साडेआठचं लेक्चर असेल तर पहिलीला पावणेसातला आत जावं लागेल. नंतर भांडण होतं ते या वीस मिनिटांवरून, आणि मालकांना वाटतं मुलीच भांडखोर. जाहिरातीत 'दोन बाथरूम, प्रत्येकी 15 लिटरचा गिझर' एवढं लिहिलं की समजणारा समजतो. गिझर 25 लिटरचा बसवता आला तर उत्तम.

जुन्या फ्लॅटमध्ये आणखी एक तपासा. स्वयंपाकघर आणि बाथरूम एकाच 16 अँपिअरच्या एमसीबीवर असतील तर त्या लाइनवर साधारण 3,600 वॉट चालतात. गिझर 2,000 आणि इंडक्शन शेगडी 2,000 एकदम लागली की भार मर्यादेच्या वर जातो आणि एमसीबी पडू शकतो. असं सकाळी रोज होत असेल तर मोठा एमसीबी लावून घेऊ नका. तार तीच राहते आणि ती तापते. इलेक्ट्रिशियनकडून गिझरची लाइन वेगळी काढून घ्या. तोवर नियमात लिहा: 'सकाळी 6 ते 8 इंडक्शन व इस्त्री बंद'.

लाईट भाड्यात धरलेली असेल तर मर्यादा युनिटमध्ये द्या: 'पाच जणींत मिळून महिना 250 युनिटपर्यंत भाड्यात, वरचं बिल समान वाटून'. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो, 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा. एका खोलीत एसी असेल आणि रोज रात्री सात-आठ तास चालला, तर तो एकटाच महिन्याला दोनशेच्या वर युनिट सहज खातो. म्हणजे घर 220 वरून साडेचारशेच्या आसपास जातं आणि वरची युनिटं महागड्या टप्प्यात पडतात. एसी नसलेल्या तिघींनी त्यात वाटा का द्यावा? एसीला सबमीटर बसवा आणि जाहिरातीत 'एसीचं बिल सबमीटरप्रमाणे वेगळं' असं लिहा. नाहीतर एसी काढून पंखाच चांगला बसवा. पुण्याच्या हवेत बहुतेक मुलींना तो पुरतो.

डब्याबद्दल तीन गोष्टी सांगाव्या लागतात: किती वेळचा, रविवारी काय, आणि खाड्यांचं काय. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. बाहेरगावच्या मुलीला हे माहीत नसतं, पहिल्या रविवारी ती उपाशी बसते. खाडे, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे, कधी वजा होतात तेही लिहा: 'सलग तीन दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी आणि आदल्या दिवशी कळवलं असेल तरच खाडे धरले जातील'. डबा तुम्ही देत नसाल तर 'जवळ मेस आहे, पैसे परस्पर' एवढं पुरे.

बाकी कॉट, गादी, कुलूप असलेलं कपाट, टेबल-खुर्ची प्रत्येकीला एक, असं नग मोजून लिहा. 'फुल्ली फर्निश्ड' लिहून तिघींत एक कपाट दिलं की फसवल्यासारखं होतं. टू-व्हीलर लावायला जागा किती गाड्यांना आहे तेही आकड्यात द्या.

अंतराचंही तसंच. 'दोन मिनिटांवर' हे गाडीवरून मोजलेलं असतं. साध्या चालीने मिनिटाला साधारण 80 मीटर होतात, म्हणजे पाच मिनिटं म्हणजे 400 मीटर. एकदा बॅग पाठीला लावून कॉलेजच्या गेटपर्यंत चालत जा आणि जो आकडा येईल तो लिहा.

नियम: वेळ लिहिली तर अपवादही लिहा

'रात्री 10 नंतर प्रवेश नाही' हा नियम पहिल्याच महिन्यात मोडतो. कॉलेजचं गॅदरिंग असतं, गणपतीत रस्ते बंद असतात, गावाहून येणारी एसटी उशिरा पोचते. मुलगी रात्री अकराला खाली उभी राहिली तर तुम्ही दार उघडणारच. मग नियम होता कशाला? त्याऐवजी असं लिहा: 'रात्री 10 पर्यंत परत. उशीर होणार असल्यास 9 च्या आत मेसेज करावा, 11.30 पर्यंत दार उघडलं जाईल. गावाहून येताना गाडीला उशीर झाल्यास वेळेचं बंधन नाही.' हा नियम पाळता येतो, आणि न कळवता उशीर झाला तर बोलायला जागा राहते.

पाहुण्यांबद्दल कोण, कुठपर्यंत, किती दिवस हे लिहा. आई किंवा बहीण महिन्यातून दोन रात्री राहू शकते, तिसऱ्या रात्रीपासून दिवसाला अमुक रुपये. वडील, भाऊ, मित्र दिवसा हॉलपर्यंत. पालक मुलीला सोडायला येतात त्या पहिल्या दिवशी वडील सामान घेऊन खोलीत जाणारच, तेव्हा तो दिवस सोडून असं म्हणा. तिथे नियम दाखवणं वाईट दिसतं.

खाण्याचा नियम घराबद्दल असावा, माणसाबद्दल नको. 'फक्त शाकाहारी मुलींना' आणि 'या स्वयंपाकघरात अंडी-मांस शिजवायचं नाही' यांत फरक आहे. दुसरं वाक्य मुलीने बाहेर काय खावं यात पडत नाही. बाहेरून आणून खोलीत खाल्लेलं चालतं का, तेही सांगा, कारण पहिल्याच आठवड्यात अंडा भुर्जीचं पार्सल येणार आहे. जात आणि आडनाव विचारणाऱ्या जाहिराती अजून दिसतात. त्यात पडू नका. चांगली राहणारी मुलगी तुमची जाहिरात वाचून पुढे सरकते आणि तुम्हाला ते कळतही नाही.

सगळे नियम जाहिरातीत कोंबायचे नाहीत. ज्यामुळे एखादी मुलगी जागा नाकारेल तेवढेच, म्हणजे वेळ, पाहुणे, स्वयंपाक आणि सोडण्याची मुदत, जाहिरातीत. वॉशिंग मशीनचे वार, कचरा, चपला कुठे काढायच्या हे घरात लावायच्या कागदावर.

आता जाहिरात

व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेजचा वरचा भागच दिसतो, बाकी दाबल्यावर उघडतो. म्हणून जागा, कोणासाठी आणि भाडं वर आलं पाहिजे. वरच्या हिशेबातून निघालेला मसुदा असा:

> कॉट बेसिसवर जागा, विद्यार्थिनींसाठी. कर्वेनगर, कमिन्स कॉलेजच्या गेटपासून चालत 7 मिनिटं.
> दोघींच्या खोलीत 8,500, तिघींच्या खोलीत 7,700 रु. महिना. सध्या तिघींच्या खोलीत 2 कॉट रिकाम्या.
> मालक त्याच इमारतीत राहतात.
> भाड्यात: वाय-फाय, झाडू-फरशी, फिल्टरचं पाणी, पाच जणींत मिळून 250 युनिट लाईट (वरचं समान वाटून).
> प्रत्येकीला कॉट, गादी, कुलपाचं कपाट, टेबल-खुर्ची. दोन बाथरूम, 15 लिटरचे गिझर. एसी नाही. वॉशिंग मशीन आहे. टू-व्हीलर 2.
> डबा भाड्यात नाही, जवळ मेस आहे. चहा-नाश्ता करता येईल, अंडी-मांस शिजवता येणार नाही.
> डिपॉझिट दोन महिन्यांचं: दोघींच्या खोलीला 17,000, तिघींच्या खोलीला 15,400 रु. एक महिना आधी कळवल्यास सोडल्यापासून 15 दिवसांत परत.
> रात्री 10 पर्यंत परत, उशीर असल्यास 9 च्या आत कळवणे. आई-बहीण महिन्यातून 2 रात्री राहू शकतात.
> नोंदणीकृत करार 11 महिन्यांचा, खर्च निम्मा-निम्मा. करारासाठी पालकांनी यावे.
> बघण्याची वेळ: रोज संध्याकाळी 5 ते 7, रविवारी सकाळी 10 ते 1. फोन: …

'एसी नाही' हे मुद्दाम लिहिलं आहे. जे नाही ते लिहिल्याने निम्मे नकोसे फोन वाचतात.

फोटो चार पुरेत: खोली दारातून, कॉट आणि कपाट एकत्र, बाथरूम, इमारतीचा दर्शनी भाग. फोटो दिवसा, खिडकी उघडून काढा. आधीच्या मुलीचं सामान, टेबलावरचं ओळखपत्र, दोरीवरचे कपडे फोटोत येऊ देऊ नका. बाथरूमचा फोटो टाळला तर वाचणारा जे समजायचं ते समजतोच.

कधी टाकायची, आणि फोन आल्यावर

वरच्या वर्षाच्या मुली परीक्षा संपायच्या सुमारास, एप्रिल-मेमध्ये जागा बघून ठेवतात. पहिल्या वर्षाच्या मुलींचं वेगळं असतं. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेरीत कॉलेज लागलं की हजर व्हायला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत आई-वडील मुलीला घेऊन येतात आणि प्रवेश झाल्याबरोबर जागा बघत फिरतात. त्यांच्यासाठी जाहिरात फेरीचा निकाल लागण्याच्या आदल्या आठवड्यात ताजी करून टाका, आणि त्या दिवसांपुरती बघायची वेळ दिवसभर ठेवा. 'संध्याकाळी 5 नंतर' म्हटलं तर साताऱ्याची गाडी पकडायची असलेला बाप शेजारच्या गल्लीत टोकन देऊन मोकळा होतो.

टोकन जागा बघितल्यावरच घ्या आणि मेसेजवर लिहून द्या: किती घेतलं, कोणत्या कॉटचं, किती तारखेपर्यंत धरलं, आली नाही तर परत किती. आधार कार्डाचा फोटो बघायच्या आधी मागू नका. तो करारासाठी आणि पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदणीसाठी लागतो, तेव्हा घ्या.

जागा न बघताच 'पक्की करतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील' असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

कॉट भरली की त्याच दिवशी जाहिरातीतला 'सध्या 2 कॉट रिकाम्या' हा आकडा बदला, आणि पाचही भरल्या की जिथे जिथे टाकली होती तिथून जाहिरात काढून टाका. ग्रुपवर फिरलेल्या जुन्या मेसेजवरून पुढच्या जूनमध्येही फोन येतात, तेही गेल्या वर्षीच्या भाड्याच्या अपेक्षेने. म्हणून मसुद्याच्या खाली एक ओळ कायम ठेवा: 'भाडं या शैक्षणिक वर्षापुरतं', आणि पुढे वर्षाचा आकडा.